चेहरा एकीचा, देह दुसरीचा

(एका वाचनालयाच्या वार्षिक व्याख्यानमालेतील भाषणाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार. संयोजकांनी प्रोजेक्टर लावून ठेवला आहे आणि पडदाही छान मोठा आहे. पण ज्या व्हिडिओबद्दल मी बोलणार आहे, तो मी दाखवणार नाही. तो सहा-सात सेकंदांचा आहे आणि तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलेलाही असेल. दाखवायचा नाही असं का ठरवलं, ते पुढे बोलण्याच्या ओघात कळेल.

नोव्हेंबर २०२३. दिवाळीच्या आधीचा आठवडा. फोनवर एक क्लिप फिरत होती. काळ्या, अंगाला घट्ट बसणाऱ्या कपड्यांतली एक तरुणी हसत लिफ्टमध्ये शिरते. बस्स, एवढंच. तरुणी म्हणजे अभिनेत्री रश्मिका मंदाना, असं लोकांनी गृहीत धरलं, कारण चेहरा तिचाच होता. पण तो प्रसंग तिच्या आयुष्यात कधी घडलेलाच नव्हता. ९ ऑक्टोबरला ब्रिटनमधल्या एका भारतीय वंशाच्या तरुणीने स्वतःच्या इन्स्टाग्रामवर स्वतःचाच एक व्हिडिओ टाकला होता. कोणीतरी तो उचलला, तिचा चेहरा काढून त्या जागी रश्मिकाचा बसवला. एका तथ्य-तपासणाऱ्या पत्रकाराने मूळ आणि नकली असे दोन्ही व्हिडिओ शेजारीशेजारी ठेवून ही गोष्ट उघड केली. अमिताभ बच्चन यांनी ती पुढे पाठवून कायदेशीर कारवाई व्हायला हवी असं म्हटलं आणि मग देशभर 'डीपफेक' हा शब्द घराघरांत पोचला.

या प्रकरणाबद्दल सगळ्यांनी एकच प्रश्न विचारला: ओळखायचं कसं? मला वाटतं हा प्रश्न दुय्यम आहे. मुख्य प्रश्न असा की पाहणाऱ्याला तो खरा का वाटतो, आणि खोटा आहे हे कळल्यावरही नुकसान का थांबत नाही. पण दुय्यम प्रश्नातूनच मुख्य प्रश्नाकडे जाता येतं, म्हणून आधी ही चेहरेबदली होते कशी ते थोडक्यात सांगतो.

व्हिडिओ म्हणजे सेकंदाला पंचवीस-तीस स्थिर चित्रं. सात सेकंदांची क्लिप धरली तर साधारण दोनशे चित्रं. संगणक प्रत्येक चित्रात चेहरा शोधतो. चेहरा सापडला की त्यावरच्या खुणा धरतो: दोन डोळे, नाकाचा शेंडा, ओठांचे दोन कोपरे. या खुणांवरून डोकं किती वळलंय, किती कललंय हे त्याला कळतं. तेवढा चौकोन तो कापून सरळ करून घेतो. दुसरीकडे ज्याचा चेहरा बसवायचा त्याच्या फोटोवरून त्या व्यक्तीची ओळख काही शे आकड्यांच्या एका माळेत उतरवलेली असते. मग एक न्यूरल नेटवर्क, म्हणजे असंख्य उदाहरणांवरून शिकलेला संगणकाचा प्रोग्राम, दोन्ही एकत्र करून नवा चेहरा तयार करतं. हसू, भुवई उंचावणं, नजरेची दिशा हे सगळं मूळ व्यक्तीचं राहतं. नाकडोळे मात्र नव्या व्यक्तीचे येतात. हा चौकोन परत जागेवर चिकटवायचा, कडा विरघळवायच्या, त्वचेचा रंग मानेशी जुळवायचा. असं दोनशे वेळा.

२०१७ च्या शेवटी हे प्रकार पहिल्यांदा गाजले, तेव्हा एका माणसाचा चेहरा शिकवायला शेकडो फोटो लागत आणि संगणक तासन् तास, कधी दिवसही, राबत असे. म्हणून बळी सगळे प्रसिद्ध लोकच होते. एवढे फोटो दुसऱ्या कोणाचे मिळणार? २०२३ पर्यंत एका स्वच्छ फोटोवर काम भागायला लागलं. मोफत मिळणाऱ्या अशा एका लोकप्रिय मॉडेलमधून तयार होणारा चेहरा फक्त १२८ बाय १२८ ठिपक्यांचा असतो. हा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. सिनेमाच्या पडद्यावर इतक्या ठिपक्यांचा चेहरा हास्यास्पद दिसेल. पण फोनच्या उभ्या पडद्यावर, पायापर्यंत दिसणाऱ्या माणसाचा चेहरा मुळात तेवढीच जागा व्यापतो. म्हणजे हे तंत्र परिपूर्ण झालं म्हणून आपण फसतो असं नाही. आपण पाहण्याचं साधन लहान करून घेतलं, आणि तंत्राला तेवढंच जमणं पुरलं.

आता या कामाची मर्यादा कुठे असते? बदलतो तो फक्त भुवयांपासून हनुवटीपर्यंतचा भाग. केस, कान, मान, खांदे, हात, चाल, कपडे, मागची भिंत, लिफ्टचा दरवाजा हे सगळं खरं, आणि दुसऱ्याच माणसाचं. नव्वद टक्के चित्र अस्सल असल्यामुळेच उरलेलं पचतं. सावल्या जागच्या जागी असतात, कापड नैसर्गिक हलतं. तुम्ही खोट शोधायला बसलात तर जिथे बघाल तिथे खरंच दिसेल.

चूक होते ती बहुतेक चेहरा नीट न सापडल्यामुळे. माणूस पूर्ण बाजूला वळला, हात तोंडावरून गेला, अर्धा चेहरा दाराआड असला की संगणकाचा अंदाज सुटतो आणि त्या एक-दोन चित्रांत मूळ चेहरा डोकावतो. रश्मिकाच्या क्लिपमध्ये नेमकं तेच आहे. अगदी सुरुवातीला, पहिल्या सेकंदात, मूळ तरुणीचा चेहरा स्पष्ट दिसतो. ती आत येते आणि पाहता पाहता चेहरा रश्मिकाचा होतो. एक बाई आत शिरताना दुसरी बाई होते, आणि हे लाखो लोकांच्या डोळ्यांसमोर, कुठलीही लपवाछपवी न करता घडतं. करणाऱ्याने तो सेकंद कापण्याची तसदीही घेतली नाही. तरी चाललं!

असं का होतं, याचं एक चांगलं उत्तर डीपफेकच्या कितीतरी आधीचं आहे. १९९६ साली पवन सिन्हा आणि तोमासो पोज्जो या दोन संशोधकांनी 'नेचर' या नियतकालिकात एक छायाचित्र छापलं. त्यात अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष बिल क्लिंटन आणि उपाध्यक्ष अल गोर एकत्र दिसतात. कोणालाही विचारा, दोघांना लगेच ओळखतील. प्रत्यक्षात गोर यांच्या चेहऱ्यावरचे डोळे, नाक आणि तोंड क्लिंटन यांचे आहेत. फक्त केस आणि डोक्याची ठेवण गोर यांची. लोक ते पाहतच नाहीत. क्लिंटनसोबत सूट घालून, तशा केसांचा माणूस उभा आहे म्हणजे तो गोरच असणार, असं मेंदू ठरवून मोकळा होतो. ओळखीचा चेहरा आपण पूर्ण वाचत नाही. केसांची बाह्यरेषा, अंगाचा बांधा, सोबत कोण आहे, प्रसंग काय आहे यावरून अंदाज बांधतो आणि उरलेलं स्मरणातून भरतो.

म्हणून चेहरेबदली करणारा सराईत माणूस चेहऱ्याआधी देह शोधतो. लांब काळे केस, त्याच वयाची, त्याच बांध्याची मुलगी. लिफ्टच्या व्हिडिओत तो मेळ जमला होता. जिथे जमत नाही तिथे काय होतं, याचं उदाहरण युक्रेनचं. १६ मार्च २०२२ ला, रशियाच्या आक्रमणानंतर तीन आठवड्यांनी, एका युक्रेनी वृत्तवाहिनीच्या संकेतस्थळावर घुसखोरी करून एक व्हिडिओ टाकला गेला. त्यात राष्ट्राध्यक्ष झेलेन्स्की आपल्या सैनिकांना शस्त्रं खाली ठेवायला सांगत होते. डोकं धडाच्या मानाने मोठं, धड पुतळ्यासारखं स्थिर. लोक हसले. इथपर्यंत सांगून सगळे थांबतात, की बघा, वाईट बनवलेला होता म्हणून फसला. पण दोन गोष्टी आणखी घडल्या होत्या. युक्रेनच्या लष्करी गुप्तचर विभागाने त्याच्या दोन आठवडे आधीच लोकांना बजावलं होतं की शरणागतीचा असा बनावट व्हिडिओ येऊ शकतो. आणि व्हिडिओ आल्याबरोबर झेलेन्स्की यांनी स्वतः कॅमेऱ्यासमोर येऊन तो खोडून काढला. देश त्यांच्या बाजूने होता, कोणाला त्यावर विश्वास ठेवायची इच्छाच नव्हती.

आता याच्या शेजारी मी दुसरं प्रकरण ठेवतो, ज्यात मेळ अजिबात जमलेला नव्हता आणि तरी सगळं व्हायचं ते झालं. एप्रिल २०१८. मुंबईच्या पत्रकार राणा अय्यूब यांचा चेहरा एका अश्लील व्हिडिओतल्या बाईवर बसवण्यात आला आणि तो फोनाफोनांतून पसरला. त्यांनी नंतर स्वतः लिहिलं आहे की पाहताक्षणी त्यांना कळलं ही आपण नाही. त्यांचे केस कुरळे, त्या मुलीचे सरळ. शिवाय ती मुलगी जेमतेम सतरा-अठरा वर्षांची दिसत होती. इतकी ढोबळ विसंगती, जी त्यांना ओळखणाऱ्या कोणालाही दिसायला हवी होती. पण पसरवणाऱ्यांना केसांशी काही देणंघेणं नव्हतं. पाठोपाठ त्यांचा फोन नंबर जाहीर केला गेला, घाणेरडे संदेश सुरू झाले. धडधड वाढून त्यांना रुग्णालयात न्यावं लागलं. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार तज्ज्ञांनी मे महिन्यात त्यांच्या सुरक्षिततेसाठी भारत सरकारला आवाहन केलं. आणि ज्यांना जे हवं होतं तेही थोडंफार मिळालं: त्यानंतर आपण लिहिताना, ऑनलाइन बोलताना स्वतःला आवर घालू लागलो, असं त्यांनीच नोंदवून ठेवलंय. तुम्हाला त्यांची मतं पटोत अथवा न पटोत, हा मुद्दा त्यापलीकडचा आहे.

युक्रेनचा व्हिडिओ आणि हा व्हिडिओ, दोन्हींत खोट दिसत होती. एक पडला, दुसरा पसरला. फरक बनावटीच्या दर्जात नव्हता. पाहणाऱ्याला काय मानायचंय, आणि खोटं ठरवण्याचं ओझं कोणावर आहे, यात होता. राष्ट्राध्यक्षांना उत्तर द्यायला सगळी यंत्रणा होती. एकट्या बाईने काय करायचं, आपल्या केसांचे फोटो दाखवत फिरायचं?

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, कारण चर्चेत ती नेहमी निसटते. फसवणूक आणि इजा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डीपफेक म्हटलं की आपल्या डोक्यात निवडणूक, युद्ध, खोटं भाषण असं काही येतं. २०१९ मध्ये डीपट्रेस या संस्थेने इंटरनेटवर सापडलेले १४,६७८ डीपफेक व्हिडिओ मोजले, तेव्हा त्यांतले ९६ टक्के संमतीविना बनवलेले अश्लील व्हिडिओ होते आणि त्यांत बायकाच होत्या. अशा व्हिडिओच्या प्रेक्षकाला बहुतेक वेळा ठाऊकच असतं की हे खोटं आहे. काही संकेतस्थळं तर तसं लिहून ठेवतात. म्हणजे कोणी फसत नाही, पण त्या बाईचा देह म्हणून काहीतरी बाजारात मांडलेलं असतं, आणि एकदा पाहिलेलं दृश्य तिच्याकडे बघताना पाहणाऱ्याच्या मनातून जात नाही. 'खाली "हे बनावट आहे" अशी पट्टी लावा' हा उपाय त्यामुळे अर्ध्याच आजारावर चालतो. आपल्याकडे दारात येणारा बहुरूपी पोलिसाचं सोंग घेऊन दम देतो आणि शेवटी हसून बिदागी मागतो. सोंग होतं हे कळलं की भीती संपते. इथे तसं नाही. सोंग आहे हे जाहीर झाल्यावरही बाईची सुटका नाही.

म्हणूनच मी तो व्हिडिओ पडद्यावर लावला नाही. 'हे बघा, खोटं कसं असतं' म्हणून दाखवायचा, तर तो आणखी दोनशे जणांनी पाहिला, एवढंच होईल.

रश्मिकाच्या प्रकरणाकडे परत येतो, कारण त्यात पुढे काय झालं हे फार कमी लोकांना माहीत आहे. दिल्ली पोलिसांनी १० नोव्हेंबरला गुन्हा नोंदवला. पाचशेहून अधिक समाजमाध्यम खाती तपासल्यावर जानेवारी २०२४ मध्ये आंध्र प्रदेशातल्या गुंटूरमधून चोवीस वर्षांच्या एका अभियंता तरुणाला अटक झाली. शत्रू? विरोधी पक्ष? परदेशी हात? पोलिसांच्या म्हणण्यानुसार तो रश्मिकाचा चाहता होता आणि तिच्या नावाने फॅन पेज चालवत होता. फॉलोअर वाढवायला त्याने ऑक्टोबरमध्ये ही क्लिप टाकली. दोन आठवड्यांत त्याचे फॉलोअर ९० हजारांवरून १ लाख ८ हजारांवर गेले. गदारोळ झाल्यावर त्याने क्लिप काढली आणि पेजचं नावही बदललं.

अठरा हजार फॉलोअर. ही या सगळ्या प्रकारामागची, पोलिसांनी सांगितलेली, प्रेरणा. मला हे द्वेषापेक्षा जास्त अस्वस्थ करतं. द्वेष करणाऱ्याला निदान आपण काय करतोय हे ठाऊक असतं. ज्याला ती आवडते, त्याला तिचा चेहरा हे खतपाणी वाटलं, त्यात तिला काही विचारायचं असतं हे त्याच्या डोक्यातही आलं नसावं.

गुन्हा कोणत्या कलमांखाली नोंदला, तेही बघण्यासारखं आहे. भारतीय दंड विधानाची बनावट दस्तऐवज आणि त्याद्वारे बदनामीची कलमं, ४६५ आणि ४६९. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६सी म्हणजे ओळखचोरी. आणि ६६ई, म्हणजे एखाद्याच्या शरीराच्या खाजगी भागाचं चित्र संमतीविना टिपणं वा पसरवणं. या शेवटच्यापाशी मी नेहमी अडतो. शरीर कोणाचं? ते रश्मिकाचं नव्हतंच. आणि ज्या तरुणीचं होतं तिने तो व्हिडिओ स्वतःच टाकला होता. माणसाचा चेहरा आणि देह एकाच मालकीचे असतात, हे गृहीत धरून कायदा लिहिला गेला होता. पोलिसांनी हाताशी होतं ते वापरलं, त्यांना दोष नाही.

आणि त्या तरुणीचं काय? तिने तेव्हा सांगितलं होतं की या प्रकाराशी आपला संबंध नाही, आपण फार व्यथित आहोत, आणि स्वतःचं काही ऑनलाइन टाकायला घाबरावं लागणाऱ्या मुलींची आपल्याला काळजी वाटते. बातम्यांत मात्र ती 'मूळ व्हिडिओतली महिला' एवढीच उरली. प्रत्येक चेहरेबदलीत दोन माणसं असतात. एकाचा चेहरा चोरला जातो, दुसऱ्याचा पुसला जातो. रश्मिकाने आपल्या निवेदनात म्हटलं होतं की आज आपल्या पाठीशी घरचे आणि मित्र आहेत, पण हेच शाळा-कॉलेजात असताना झालं असतं तर कसं निभावलं असतं याची कल्पना करवत नाही. प्रसिद्ध व्यक्तीला निदान बच्चन साहेब मिळतात.

पैशांची बाजू मी पटकन सांगून पुढे जातो, कारण ती तुम्ही वर्तमानपत्रांत वाचत असताच. जानेवारी २०२४ मध्ये सचिन तेंडुलकर एका गेमिंग ॲपची जाहिरात करताना दिसले; आपली मुलगी हा खेळ खेळून रोज पैसे कमावते असं त्यांच्या तोंडी घातलं होतं. त्यांनी स्वतः ते खोटं असल्याचं जाहीर केलं आणि मुंबईच्या सायबर पोलिसांत तक्रार झाली. तिथे चेहरा बदललेला नव्हता. खऱ्या मुलाखतीतला खराच सचिन होता. बदलले होते ओठ आणि आवाज. काम सोपं, शिवाय केस, मान, बसण्याची लकब सगळं त्याचंच, त्यामुळे सिन्हा-पोज्जो यांच्या हिशेबात हा प्रकार चेहरेबदलीपेक्षाही पक्का. त्याच वर्षी एप्रिलमध्ये राष्ट्रीय शेअर बाजाराला, एनएसईला, आपल्या प्रमुखांच्या तोंडी शेअर सुचवणारे बनावट व्हिडिओ फिरत असल्याचा इशारा द्यावा लागला. आणि अंधेरीतल्या एका डॉक्टरांनी मुकेश अंबानी एका ट्रेडिंग समूहाची शिफारस करताना पाहिले, आणि पैसे भरत गेले. खात्यावर नफा फुगलेला दिसत होता, काढायला गेल्यावर निघेना. सुमारे सात लाख गेले, तेही वेगवेगळ्या बँक खात्यांत विखरून. शिकलेला माणूस कसा फसतो, असं म्हणू नका. व्हिडिओने त्यांना फक्त दारापर्यंत आणलं. आत नेलं ते पडद्यावर वाढत जाणाऱ्या आकड्यांनी.

आता वळू ओळखण्याकडे. डोळ्यांवर विसंबू नका हे आधी सांगतो. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लोकांना डीपफेक भरवशाने ओळखता आले नाहीत, आणि तरी आपल्याला ओळखता येतात असं त्यांना ठामपणे वाटत होतं. यंत्रंही फार पुढे नाहीत. फेसबुकने २०२० मध्ये मोठं बक्षीस लावून स्पर्धा घेतली. लाखभर व्हिडिओंवर शिकलेल्या संगणकी प्रोग्राममध्ये जो पहिला आला, तो आधी न पाहिलेल्या व्हिडिओंवर सुमारे ६५ टक्के वेळा बरोबर ठरला. नाणं उडवून ५० टक्के मिळतातच. तेव्हापासून शोधणारे सुधारले, बनवणारेही सुधारले. त्यात व्हॉट्सॲप प्रत्येक व्हिडिओ दाबून लहान करतं. चेहऱ्याच्या कडेचं थरथरणं, मेणासारखी गुळगुळीत त्वचा, एकसंध पट्टीसारखे दात या खुणा त्या दाबण्यात पुसल्या जातात, आणि उलट खऱ्या व्हिडिओतली त्वचाही मेणासारखी दिसायला लागते.

त्याऐवजी मूळ शोधा. चेहरेबदलीला कच्चा माल म्हणून खरा व्हिडिओ लागतोच, आणि तो बहुतेक वेळा इंटरनेटवर कुठेतरी असतो. क्लिप थांबवा, स्पष्ट चित्राचा स्क्रीनशॉट घ्या आणि चित्रावरून शोध घेणाऱ्या गूगल लेन्समध्ये टाका. इथे लोक हमखास चुकतात. पूर्ण चित्र टाकलं की शोध चेहऱ्यामागे धावतो आणि तुम्हाला त्या नटीचेच हजार फोटो दाखवतो. चौकट सरकवून चेहरा बाहेर काढा. कपडे, लिफ्टची भिंत, मागची पाटी, हातातलं कडं एवढंच ठेवून शोधा. बदललेलं तेवढंच वगळा आणि जे खरं आहे त्याला विचारा. नशीब असेल तर त्याच कपड्यांतली दुसरीच व्यक्ती, जुन्या तारखेसह, समोर येते. लिफ्टचं प्रकरण शेवटी मूळ व्हिडिओ सापडल्यानेच मिटलं, कुठल्या यंत्राने 'बनावट' असा शिक्का मारल्याने नव्हे.

ही सवय उलट्या बाजूनेही उपयोगी पडते. त्याच नोव्हेंबर महिन्यात, १७ तारखेला, पंतप्रधान मोदी पत्रकारांसमोर म्हणाले की आपण गरबा खेळतोय असा एक व्हिडिओ पाहिला, आणि त्यांनी डीपफेकच्या धोक्याचं उदाहरण म्हणून तो सांगितला. तपासणाऱ्यांनी शोधलं तेव्हा निष्पन्न झालं की त्यात कसलीही चेहरेबदली नाही. त्यांच्यासारखा दिसणारा मुंबईचा एक व्यावसायिक खरोखरच गरबा खेळत होता. व्हिडिओ अस्सल, माणूस अस्सल, फक्त तो पंतप्रधान नव्हे. देशाच्या पंतप्रधानांनाही संगणकाच्या करामतीचा संशय आला, जिथे निसर्गाचीच करामत होती.

याचा दुसरा अर्थ जास्त चिंतेचा आहे. बनावट असू शकतं हे एकदा सगळ्यांना कळलं, की खऱ्या व्हिडिओत पकडलेला माणूसही 'डीपफेक आहे' म्हणून सुटू बघतो. अमेरिकेतल्या रॉबर्ट चेस्नी आणि डॅनिएल सिट्रन या कायद्याच्या अभ्यासकांनी हे आधीच सांगून ठेवलं होतं: लोक जितके सावध, तितका खोटारड्याचा फायदा. आफ्रिकेतल्या गॅबॉनमध्ये तर याहून विचित्र घडलं. आजारी अध्यक्ष अली बोंगो बरेच दिवस दिसले नाहीत, मग नववर्षाचा संदेश देताना व्हिडिओत आले. हालचाल अवघडलेली, नजर स्थिर. विरोधकांना तो बनावट वाटला. आठवड्याभरात, ७ जानेवारी २०१९ ला, लष्करातल्या एका गटाने उठाव करून बघितला. तो फसला. बोंगो यांना अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. हालचाल अवघडलेली असायला तेवढं कारण पुरेसं होतं. उठाव फक्त व्हिडिओमुळे झाला असं मी म्हणत नाही. पण शंकेला जागा मिळाली की ती काय काय करू शकते, ते यात दिसतं.

वेळ झालीय, पण एका ताईंनी चिठ्ठी पाठवलीय ती वाचतो. 'आमच्या प्रभागातल्या उमेदवार बाईंचा असा व्हिडिओ निघाला तर त्या काही रश्मिका नाहीत. काय करायचं?'

प्रश्न अगदी नेमका आहे. आता एक फोटो पुरतो म्हटल्यावर प्रसिद्ध व्यक्ती कोण? चौकातल्या फ्लेक्सवर जिचा समोरून काढलेला, स्वच्छ उजेडातला, पाच फुटांचा फोटो आहे ती प्रत्येक सरपंच, प्रत्येक नगरसेविका. करायचं असं: पहिल्यांदा तो व्हिडिओ कुठे आहे त्याची लिंक, खात्याचं नाव आणि तारीख लिहून घ्यायची. नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही, कारण कंपनीला काढायला नेमका पत्ता लागतो, आणि करणारा पळाला की पेजचं नाव बदललेलं असतं, हे गुंटूरमध्ये पाहिलंच. व्हॉट्सॲपवर आला असेल तर कोणत्या नंबरवरून, कोणत्या ग्रुपवर, किती वाजता, तेही. मग त्या बाईंनी स्वतः किंवा त्यांच्या वतीने कोणीतरी त्या ॲपच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करायची. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांतला ३(२)(ब) हा नियम त्यात नावानिशी लिहा. चेहरा बदललेल्या चित्रांचा त्यात स्पष्ट उल्लेख आहे, आणि तक्रार मिळाल्यापासून दोन तासांत ते हटवण्याची तजवीज करणं कंपनीवर बंधनकारक आहे; २०२६ च्या दुरुस्तीआधी ही मुदत २४ तासांची होती. सोबत cybercrime.gov.in वर नोंद करायची. पैशांची फसवणूक असेल तर १९३० या सायबर मदत क्रमांकावर लगेच फोन, कारण रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवता आली तरच परत मिळते. आणि त्यांच्या बाजूने बोलताना, त्यांचा बचाव करतानाही, तो व्हिडिओ पुढे पाठवायचा नाही. मूळ सापडला असेल तर मूळ दाखवा, पण त्यातल्या दुसऱ्या बाईचा चेहरा झाकून. तिलाही कोणी विचारलेलं नाही.